‘म्हणून’ कुठे बसतं?

“मी समाजकार्याच्या पदवीच्या, म्हणजे बी.एस.डब्ल्यू.च्या, पहिल्या वर्षाला आहे. क्षेत्रकार्यासाठी मिळालेल्या गावात दहा वर्षांची एक मुलगी आहे. तिला सेरेब्रल पाल्सी आहे. आई तिला कडेवर घेऊन शाळेत सोडायची. आता मुलीचं वजन वाढलं, आईची कंबर धरली आणि दिवाळीपासून शाळा बंद झाली. मी भेटीच्या नोंदीत, म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये, लिहिलं, ‘सेवार्थीला चालता येत नाही म्हणून ती शाळेत जात नाही. फिजिओथेरपीसाठी पाठवणे.’ मॅडमनी लाल पेनाने शेरा मारला, ‘हे मेडिकल मॉडेल झालं. सोशल मॉडेलने विचार करा.’ पुढच्या भेटीत मी आईकडे रॅम्पचा विषय काढला, तर ती म्हणाली, ‘रॅम्प राहू दे ताई, आधी पोरीला पायावर उभं करा.’ वर्गात शिकवतात की मेडिकल मॉडेल जुनं आणि चुकीचं. मग ही आई चुकीची आहे का? फिजिओथेरपी सुचवायचीच नाही का? दोन्हींतला फरक परीक्षेत लिहिता येतो, पण त्या घरात बसल्यावर काही सुचत नाही.”
— प्रथम वर्षाची विद्यार्थिनी

प्रिय मैत्रिणी,

मॅडमची लाल शाई फिजिओथेरपीवर होती, असं तू धरून चालली आहेस. मला वाटतं, चूक त्याच्या आधीच्या वाक्यात आहे, आणि तिथेही एकाच शब्दात. तो शब्द आहे ‘म्हणून’. ‘चालता येत नाही म्हणून शाळेत जात नाही.’ हे इतकं सरळ वाटतं की आपण ते वाक्य तपासतच नाही. आज आपण तेच तपासू.

तूच दिलेली माहिती पुन्हा बघ. ही मुलगी दिवाळीपर्यंत शाळेत जात होती. तेव्हा तिला चालता येत होतं का? नाही. दिवाळीनंतर येतं का? तेव्हाही नाही. म्हणजे पाय होते तसेच राहिले आणि शाळा मात्र बंद झाली. जी गोष्ट बदललीच नाही, ती झालेल्या बदलाचं कारण कशी असेल? बदललं ते दुसरंच काही: मुलगी मोठी झाली आणि आईची कंबर थकली. घरापासून वर्गापर्यंत मुलीला नेणारं एकमेव वाहन म्हणजे तिची आई होती, आणि ते वाहन बंद पडलं. गावाने, शाळेने, शिक्षण विभागाने दुसरं कुठलंही साधन उभं केलं नव्हतं. आता वाक्य असं होतं: ‘शाळेपर्यंत आणि शाळेत नेण्याची कोणतीही सोय नाही, सगळा भार आईच्या कमरेवर होता, म्हणून मुलीची शाळा सुटली.’ मुलगी तीच, निदान तेच. फक्त ‘म्हणून’ जागेवरून हललं.

दोन मॉडेलांमधला फरक हाच आहे. अडचणीचं कारण कुठे ठेवायचं, हा तो प्रश्न. मेडिकल मॉडेल ते शरीरात ठेवतं. त्यामुळे उपाय शरीरावर करायचा, तज्ज्ञाने करायचा, आणि तो लागू पडेपर्यंत बाकीच्या आयुष्याने थांबायचं. सोशल मॉडेल म्हणतं, शरीरात उणीव असेल, पण माणूस अडतो तो पायऱ्यांमुळे, नियमांमुळे, साधनांच्या अभावामुळे, लोकांच्या समजुतींमुळे. म्हणून बदल तिथे करायचा, आणि तो करायची जबाबदारीही त्या माणसाची नसून आपल्या सगळ्यांची.

हे आपल्या भाषेत सांगताना अडखळायला होतं, त्याचं कारणही भाषेतच आहे. इंग्रजीत शरीरातल्या उणिवेला ‘इम्पेअरमेंट’ हा एक शब्द आहे आणि समाजाने घातलेल्या अडवणुकीला ‘डिसॅबिलिटी’ हा दुसरा. आपल्याकडे ‘अपंग’ म्हटलं तरी त्यात अंग आहे आणि ‘दिव्यांग’ म्हटलं तरी त्यात अंगच आहे. पायऱ्या दोन्ही शब्दांत नाहीत. शिवाय आपण ‘अपंगत्व आलं’ असं म्हणतो, ताप आला म्हणावं तसं. ‘अपंग केलं’ असं कुणी म्हणत नाही. सोशल मॉडेल नेमकं हेच म्हणतं: उणीव शरीरात येते, अपंग मात्र समाज करतो. सरकारी कागदावर ‘दिव्यांग’ लिहिलंस तरी ‘म्हणून’ जिथल्या तिथेच राहू शकतं, एवढं लक्षात असू दे.

हा विचार कुणा प्राध्यापकाच्या टेबलावर जन्मला नाही. पॉल हंट नावाचा ब्रिटिश माणूस स्नायूंच्या आजारामुळे तरुणपणी वर्षानुवर्षं निवासी संस्थेत राहिला होता. अशा संस्थांमध्ये झोपायचं कधी, बाहेर जायचं का, भेटायला कुणी यायचं, हे राहणारी माणसं ठरवत नसत. सप्टेंबर १९७२मध्ये त्याने ‘द गार्डियन’मध्ये पत्र लिहून अशा माणसांना एकत्र येण्याचं आवाहन केलं. त्यातून जी संघटना उभी राहिली तिचं नाव ‘युनियन ऑफ द फिजिकली इम्पेअर्ड अगेन्स्ट सेग्रिगेशन’, म्हणजे वेगळं काढण्याविरुद्ध उभी राहिलेली संघटना. हंटबरोबर तिथे विक फिंकेलस्टाइन होता. तो दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाविरुद्ध लढताना तुरुंगात गेलेला, व्हीलचेअर वापरणारा माणूस. काळ्या माणसाला वेगळं काढणारी व्यवस्था त्याने जवळून पाहिली होती. तिथे कुणी म्हणालं असतं की ‘त्वचा काळी म्हणून बसमध्ये बसता येत नाही’, तर त्याने विचारलं असतं, नियम कुणी केला? तोच प्रश्न त्याने ब्रिटनमध्ये पायऱ्यांबद्दल विचारला. १९७६ साली या संघटनेने आपली भूमिका छापली. त्यात शरीरातली उणीव आणि समाजाने लादलेलं अपंगत्व या दोन गोष्टी पहिल्यांदा इतक्या स्पष्टपणे वेगळ्या केल्या.

फिंकेलस्टाइनने एका कल्पित गावाची गोष्ट सांगितली होती. तिथे सगळे व्हीलचेअरवर असतात आणि घरं आपल्या सोयीने बांधतात. उभं राहायची गरज नाही, म्हणून छत खाली, दारं ठेंगणी. मग काही चालणारी माणसं तिथे राहायला येतात. त्यांची डोकी चौकटींवर आपटतात, कपाळावर टेंगळं येतात. गावातले डॉक्टर त्यांना तपासतात आणि डोक्याला घालायला खास शिरस्त्राणं लिहून देतात. दार उंच करावं, हे कुणाच्या मनातही येत नाही. वर्गात कुणी मॉडेल समजावून मागितलं तर मी हीच गोष्ट सांगते.

‘सोशल मॉडेल’ हे नाव आलं माइक ऑलिव्हरकडून. त्याची मान सतराव्या वर्षी पोहताना मोडली होती. पुढे तो विद्यापीठात समाजकार्य शिकवू लागला, आणि हे नाव त्याने १९८३ साली ज्या पुस्तकात रुजवलं ते समाजकार्य करणाऱ्यांसाठीच लिहिलेलं होतं. म्हणजे ही कल्पना तुझ्या-माझ्यासारख्यांच्या हाती द्यायला घडवलेली आहे. घरात बसल्यावर सुचावं, हाच तिचा उद्देश होता. आणखी एक बारकावा तुला उपयोगी पडेल. ऑलिव्हर समोरच्या बाजूला मुख्यतः ‘वैयक्तिक मॉडेल’ म्हणायचा. त्याच्या दृष्टीने अडचण एकट्या व्यक्तीच्या माथी मारणं ही मूळ चूक होती, आणि डॉक्टरी नजर हा तिचा एक भाग. डॉक्टर नसतानाही ही चूक होते. ‘आई हिंमत हरली’, ‘मुलीला आत्मविश्वास नाही’ असं तू लिहिलंस तर त्यात औषधाचा थेंबही नाही, पण मॉडेल तेच. आपल्या व्यवसायात हा धोका डॉक्टरांपेक्षा जास्त आहे, असं माझं मत आहे.

ऑलिव्हरने केलेला एक उद्योग तू आज रात्रीच करून बघ. ब्रिटनमध्ये सरकारी सर्वेक्षणात अपंग माणसांना विचारलेले प्रश्न त्याने घेतले आणि उलटे लिहिले. ‘तुमच्या अपंगत्वामुळे बसने प्रवास करणं अवघड जातं का?’ हा मूळ प्रश्न. त्याने केला: ‘वाईट बांधणीच्या बसमुळे तुम्हाला प्रवास अवघड जातो का?’ वस्तू धरायला, फिरवायला त्रास होतो तो कोणत्या दुखण्यामुळे, याऐवजी त्याने विचारलं की बरण्या-बाटल्यांच्या रचनेतल्या कोणत्या दोषामुळे त्रास होतो. तुझ्याकडे संस्थेचा गृहभेटीचा छापील फॉर्म असेलच. त्यात ‘सेवार्थीची समस्या’ असा रकाना असतो. तिथे प्रत्येक ओळ या मुलीच्या शाळेबद्दलचा प्रश्न म्हणून लिही. शाळेला किती पायऱ्या आहेत? स्वच्छतागृहाचं दार किती रुंद आहे? चौथीचा वर्ग कुठे भरतो? दिवाळीनंतर ती आली नाही, तेव्हा घरी कोण गेलं? हे प्रश्न लिहिताना तुझ्या लक्षात येईल की यातल्या एकाचंही उत्तर तुझ्याकडे नाही, कारण तू दोन्ही भेटींत फक्त घरी गेलीस. शाळेत गेलीच नाहीस. मॅडमच्या शेऱ्याचा खरा अर्थ मी असा लावते.

आता आईकडे वळू. ती चुकीची आहे का, हा तुझा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला.

फिजिओथेरपी म्हणजे मेडिकल मॉडेल नव्हे. उपचार आणि मॉडेल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिल्या वर्षात सर्रास होणारी गल्लत हीच आहे. सेरेब्रल पाल्सीत मेंदूला जन्माच्या आधी, जन्माच्या वेळी किंवा लहानपणी झालेली इजा वाढत नाही, पण भरूनही येत नाही. तिचा परिणाम म्हणून बहुतेक मुलांचे स्नायू ताठ राहतात. वाढत्या वयात हाड लांब होतं, ताठ स्नायू त्या वेगाने लांबत नाही. ताण दिला नाही तर गुडघे, घोटे वाकलेल्या अवस्थेत आखडतात, मांडीचं हाड खुब्यातून सरकू शकतं, आणि दुखतं. दहा वर्षांची मुलगी पुढच्या काही वर्षांत झपाट्याने वाढणार आहे. तिला फिजिओथेरपी हवीच, आणि खुब्याचा एक्स-रे काढून झाला आहे का हे विचारायलाही हवं.

पण ती कशासाठी हवी? दुखू नये, बसता यावं, हातात पेन्सिल धरताना पाठीला आधार मिळावा, यासाठी. ‘चालायला लागली की शाळेत घालू’ यासाठी नव्हे. मेडिकल मॉडेल असतं ते या ‘की’मध्ये. चालणं ही शाळेच्या दारातली अट झाली की उपचाराचं मॉडेल बनतं. शिवाय या अटीत एक क्रूर गोष्ट दडली आहे. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांची उभं राहण्या-चालण्याची क्षमता साधारण पाचव्या वर्षापर्यंत बरीचशी आकाराला आलेली असते. दहाव्या वर्षापर्यंत न चाललेली मुलगी पुढे चालेल, याची शक्यता कमी. आई ज्या दिवसाची वाट बघते आहे तो बहुधा येणार नाही, आणि हे तिला कुणी नीट बसून सांगितलेलं नाही. प्रत्येक शिबिरात ‘व्यायाम करत राहा’ एवढंच ऐकून ती परत आली असणार. हे तू सांगू नकोस, ते तुझं काम नाही. तिला डॉक्टरांकडे घेऊन जा आणि तिच्या वतीने दोन प्रश्न विचार: ही चालेल का, आणि चालली नाही तर आत्तापासून काय काय जपायचं? उत्तर ऐकताना तिच्याजवळ बस. त्या वेळी रॅम्पचा विषय काढू नकोस.

तेव्हा आई चुकीची नाही. तिला जगाचा जो अनुभव आला, त्यावरून तिने काढलेला निष्कर्ष बरोबरच आहे. गावात चालणाऱ्या माणसालाच जागा आहे, हे तिने दहा वर्षं पाहिलं. पोरीला जागा मिळावी म्हणून ती पाय मागते. तू रॅम्प म्हणालीस तेव्हा तिने काय ऐकलं असेल? ‘तुझी मुलगी कधीच चालणार नाही’ हे ऐकलं असेल. कुणीही तो हात झिडकारला असता.

मी नवखी असताना याच्या दोन्ही बाजूंना चुकले आहे, म्हणून हे सांगते. पहिल्या नोकरीत आम्ही शिबिरं घ्यायचो. पोलिओ झालेल्या एका मुलीला आम्ही कॅलिपर दिले, फोटो काढला, रजिस्टरमध्ये नोंद केली. वर्षभराने त्या घरी गेले तर कॅलिपर माळ्यावर होते. घर रानात होतं, वाट बांधावरून होती, पावसात चिखल. त्या वाटेवर कॅलिपर घालून चालण्यापेक्षा हाताने सरकत जाणं तिला सोपं होतं. आम्ही पाय मोजले होते, वाट मोजलीच नव्हती. मला ती नोंद आजही टोचते.

दुसरी चूक पुढे केली. तोवर सोशल मॉडेल वाचून मी भारावले होते. एका आईला मी ठासून सांगितलं, ‘तुमच्या मुलात काहीच दुरुस्त करायची गरज नाही, दुरुस्त जगाला करायचंय.’ ती माउली इतकी सुखावली. रोजचा व्यायाम म्हणजे मुलाचं रडणं आणि तिचं रडणं होतं, ते तिने सोडलं. दोन वर्षांत मुलाचे गुडघे आखडले. व्हीलचेअर मिळाली तेव्हा त्यात नीट बसवताही येईना, कारण पाय पायपट्टीवर टेकतच नव्हते. सोशल मॉडेलने मागितलेली खुर्ची माझ्याच अर्धवट सोशल मॉडेलमुळे वाया गेली.

या मर्यादेवर त्या चळवळीच्या आतूनच बोललं गेलं आहे. १९९०च्या दशकात जेनी मॉरिस, लिझ क्रो यांच्यासारख्या अपंग स्त्रियांनी म्हटलं की सगळे रॅम्प बांधून झाले तरी वेदना राहते, थकवा राहतो, आणि त्याबद्दल बोललं की मॉडेलशी गद्दारी केल्यासारखं वाटतं, हे बरोबर नाही. ऑलिव्हरची भूमिका अशी होती की सोशल मॉडेल हे सगळं काही समजावणारं शास्त्र नाही, ते एक हत्यार आहे. मला ही भूमिका पटते. पकडीने खिळा निघतो. पकडीने जखम बांधता येत नाही, हा पकडीचा दोष नव्हे.

या घरात तुला कायदाही लागेल, आणि तिथे दोन्ही मॉडेल एकाच कागदावर भेटतील. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते आणि व्याख्या जवळजवळ पूर्ण वैद्यकीय होती: वैद्यकीय अधिकाऱ्याने किमान ४० टक्के प्रमाणित केलेली व्यक्ती ती अपंग. भारताने २००७ साली संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार मान्य केला. त्याला धरून २०१६चा कायदा आला. त्यात प्रकार २१ झाले, पण त्याहून मोठा बदल व्याख्येत आहे. दीर्घकालीन उणीव असलेली आणि अडथळ्यांशी गाठ पडल्यामुळे इतरांच्या बरोबरीने समाजात सहभागी होऊ न शकणारी व्यक्ती, असा तिचा आशय आहे. कायद्याने ‘म्हणून’ हलवलं. पण त्याच कायद्यात आरक्षण आणि अनेक लाभ ‘४० टक्के’ या जुन्या रेषेवरच राहिले. टक्के शरीराचे मोजतात, पायऱ्यांचे नाही. या मुलीच्या प्रमाणपत्रावर उद्या ७५ टक्के आले तर ते तिच्या स्नायूंबद्दल असतील. शाळेत तिला काय लागेल, हे त्यावरून कळणार नाही.

या ओढाताणीवर सर्वोच्च न्यायालयाचा ११ फेब्रुवारी २०२१चा एक निकाल तू जरूर वाच. नागरी सेवा परीक्षेच्या एका उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा विकार होता. त्याने लेखनिक मागितला. तो नाकारला गेला, कारण लेखनिक ठरावीक प्रकारच्या अपंगत्वांनाच मिळत असे आणि तो ४० टक्क्यांच्या रेषेतही बसत नव्हता. न्यायालयाने म्हटलं की ४० टक्क्यांची रेष आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे. वाजवी सोय मिळण्याचा हक्क त्या रेषेवर अवलंबून नाही. माणूस हुशार आहे, उत्तर येतं, हात अडतो. मग सोय द्या. एवढं साधं आहे ते. दिव्यांगत्व प्रमाणपत्र काढायला नेणं म्हणजे मेडिकल मॉडेलला शरण जाणं, असं तुमच्या वर्गात कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नकोस. प्रमाणपत्र काढ, यूडीआयडी या दिव्यांग ओळख कार्डासाठी अर्ज कर, ते लाभांचं दार आहे. फक्त कार्ड आलं की केस बंद, असं करू नकोस.

आता पुढच्या क्षेत्रकार्याच्या दिवशी काय करशील? आधी शाळेत जा. सोबत मोजपट्टी ने. समज, तीन पायऱ्या आहेत, प्रत्येकी १५ सेंटिमीटर, म्हणजे चढ ४५ सेंटिमीटरचा. रॅम्पसाठी मानलेलं प्रमाण एकास बारा आहे. उंचीच्या बारा पट लांबी, म्हणजे ५४० सेंटिमीटर, जवळपास १८ फूट. कंत्राटदार बहुतेक वेळा जागा वाचवायला सहा-सात फुटांतच उतार उरकतो. तो दिसतो रॅम्प, असते घसरगुंडी. त्यावरून व्हीलचेअर मागे कलंडते आणि शेवटी आईलाच ढकलावी लागते. कठडा आहे का, दारापुढे खुर्ची वळवायला सपाट जागा आहे का, तेही बघ. मग स्वच्छतागृह बघ. दार सुमारे ९० सेंटिमीटर रुंद हवं. आणि उघडून बघ, कारण अपंगांसाठी बांधलेल्या स्वच्छतागृहात खडूची खोकी आणि मोडकी बाकं ठेवून कुलूप लावलेलं मी अनेक शाळांत पाहिलं आहे. दहा वर्षांच्या मुलीसाठी ही जागा रॅम्पपेक्षाही महत्त्वाची. दिवसभर लघवी रोखायची म्हणून पाणी न पिणाऱ्या मुली तुला पुढे खूप भेटतील.

मग मुख्याध्यापकांना भेट, पण तक्रार घेऊन नको, मापं घेऊन जा. रॅम्प व्हायला महिने लागतात, तोवर चौथीचा वर्ग कुठल्या खोलीत भरवला तर पायऱ्या टळतील, हे त्यांच्याबरोबर फिरून बघ. गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. त्यांना विचार की या मुलीचं नाव त्यांच्या यादीत आहे का, आणि ‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेतून वाहतूक भत्ता आणि मदतनीस भत्ता तिला लागू होतो का. ते घरी येऊन शिकवायचा पर्याय देतील. तो नाकारू नकोस, पण तारीख न घालता स्वीकारूही नकोस. घरी शिकवणं हे शाळेत परतायची तयारी म्हणून ठीक आहे. ते कायमचं झालं तर पुन्हा वेगळं काढणंच झालं, आणि हंटची सगळी लढाई त्याविरुद्धच होती. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातून दिव्यांगांसाठी ५ टक्के निधी खर्च करायचा असतो. तो सहसा वाटपात संपतो. ग्रामसभेत शाळेच्या रस्त्याचा विषय आईच्या तोंडून आला तर त्याला वजन येईल, पण ते तिची तयारी झाल्यावर.

व्हीलचेअर मिळवताना एक काळजी घे. शिबिरात बऱ्याचदा मोठ्या माणसाच्या मापाची खुर्ची दिली जाते. त्यात मूल एका कुशीवर कलतं, पाठीचा कणा वाकतो, पाय लोंबकळतात. फिजिओथेरपिस्टकडून मांडीची लांबी आणि कमरेची रुंदी मोजून घे आणि मागणी त्या मापाची कर. इथे बघ, तुला शरीराचं ज्ञानही लागलं आणि अडथळ्याचंही. दोघं भांडत नाहीत.

रेकॉर्डिंग परत लिहायचं आहे ना? मी असं लिहिलं असतं: ‘मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे, ती चालत नाही. दिवाळीपर्यंत आई उचलून नेत असल्याने ती शाळेत जात होती. आईच्या कमरेच्या दुखण्यानंतर पर्यायी सोय न झाल्याने शाळा बंद आहे. अडथळे: मापाची व्हीलचेअर नाही, तीन पायऱ्या, स्वच्छतागृहाला कुलूप, शाळेकडून गृहभेट नाही. सांधे आखडू नयेत आणि बसण्याची स्थिती सुधारावी यासाठी फिजिओथेरपी. शाळेत परतणे फिजिओथेरपीच्या प्रगतीवर अवलंबून ठेवू नये.’ यातली पायऱ्या-कुलपाची ओळ तू स्वतः बघून भर, मी अंदाजाने लिहिली आहे. शेवटचं वाक्य मात्र तसंच ठेव.

आणि एक गोष्ट, जी तुझं पत्र दुसऱ्यांदा वाचताना मला खटकली. त्यात आई बोलते, मॅडम बोलतात, तू बोलतेस. ती मुलगी एकदाही बोलत नाही. तिला शाळेत परत जायचं आहे का, हे तुला माहीत आहे का? कदाचित तिला वर्गात कोपऱ्यात एकटीला बसवत असतील. कदाचित मैत्रिणींची आठवण येत असेल, कदाचित कुणीतरी चिडवत असेल. सेरेब्रल पाल्सीत तोंडाचे स्नायूही ताठ असू शकतात, त्यामुळे शब्द बाहेर यायला वेळ लागतो, आणि तो वेळ भरून काढायला आई उत्तर देऊन मोकळी होते. पुढच्या वेळी आई चहा करायला उठेल तेव्हा मुलीच्या शेजारी, तिच्या डोळ्यांच्या पातळीवर जमिनीवर बस. एक प्रश्न विचार: ‘वर्गात तू कुणाशेजारी बसायचीस?’ मग गप्प राहा. मनात वीसपर्यंत मोज, गरज पडली तर पुन्हा वीसपर्यंत. ती जे नाव सांगेल, ते तुझ्या रेकॉर्डिंगच्या पहिल्या ओळीत येऊ दे.

तुझी ताई